प्रबंधाचे शीर्षक: चमकदार की सापडणारे?

शोधप्रबंधाच्या शीर्षकाला दोन कामे असतात. समोर आलेल्या वाचकाला ते आत खेचते आणि दूर असलेल्या वाचकाला ते सापडते. अनेकदा एक काम साधताना दुसरे बिघडते. भूगोलाच्या एका संशोधक विद्यार्थिनीच्या उदाहरणावरून हे समजून घेता येईल.

तिचा विषय सिन्नर तालुक्यातील शेततळ्यांचा. शेततळे मुळात पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी असते. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली अनेक तळी विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्याने भरली जातात. त्यामुळे शेजारच्या विहिरीची पातळी खाली जाते आणि बांधाबांधावर धुसफूस सुरू होते. तिला शीर्षक सुचले, 'शेजारी पाहतो पाण्यात'. एखाद्याला पाण्यात पाहणे म्हणजे त्याचा द्वेष करणे. इथे पाणीही खरे आणि द्वेषही खरा. मार्गदर्शकांनी दाद दिली, पण मग विचारले, "शेततळ्यांवर काम करणाऱ्याला हे सापडेल कसे?"

विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात ठेवले जातात. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तो चालवते. तिथे शोधणारा माणूस विषयाचे शब्द टाइप करतो. तिच्या शीर्षकात ना 'शेततळे' होते, ना 'भूजल', ना 'सिन्नर'. प्रबंधाची पीडीएफ नुसती स्कॅन केलेली असेल, तर यंत्राला आतली पाने म्हणजे फक्त चित्रे. अशा वेळी शीर्षक, सारांश आणि विषयसूचक शब्द एवढाच आधार उरतो.

मग तिने साधे शीर्षक लिहिले: 'शेततळ्यांमुळे विहिरींवर होणारे परिणाम: एक चिकित्सक अभ्यास'. हे साधे होते, पण शोधायला पुरेसे सोपे नव्हते. 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट इतक्या प्रबंधांना लागलेले असते, की त्यावरून कोणताच प्रबंध वेगळा ओळखता येत नाही. दुसरी अडचण खास मराठीची. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे रूपच बदलते. 'शेततळे'चे 'शेततळ्यां' होते आणि 'विहीर'चे 'विहिरीं' होते. म्हणजे दीर्घ 'ही' ह्रस्व होतो. शोधयंत्रणा मराठी व्याकरण जाणणारी नसेल, तर ती अक्षरे जशीच्या तशी जुळवते. 'शेततळे' शोधणाऱ्याला 'शेततळ्यांमुळे' दिसत नाही.

याहून फसवी गोष्ट 'शेतकऱ्यांचा'सारख्या शब्दात दडलेली असते. त्यातला 'ऱ्य' संगणकावर दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकदा नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तर यंत्राला देवनागरी म्हणून ओळखताच येत नाही.

हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. विषयाशी संबंधित, पण प्रबंध न पाहिलेल्या तीन-चार जणांना विचारायचे, "या विषयावर काही शोधायचे असेल तर तुम्ही काय टाइप कराल?" विद्यार्थिनीने तसे विचारले. उत्तरांत 'शेततळे', 'भूजल', 'उपसा' आणि तालुक्याचे नाव पुन्हा पुन्हा आले. ते शब्द मूळ रूपात ठेवून तिने अंतिम शीर्षक केले: 'शेततळे आणि भूजल उपसा: सिन्नर तालुक्यातील विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास'. 'विहीर' हे मूळ रूप विषयसूचक शब्दांत घातले. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला आले, कारण शोधाच्या यादीत लांब शीर्षक शेवटी कापले जाते.

चमकदार शीर्षक आधी आणि खुलासा अपूर्णविरामानंतर, ही वाट तिनेही विचारात घेतली होती. त्यात शब्द सापडतात, पण यादीत पुढचा भाग कापला गेला तर उरते फक्त कोटी, आणि विषय माहीत नसलेल्याला ती कळत नाही. गमतीदार शीर्षकांचा तोटा मोजलाही गेला आहे. सागी आणि येखियम या संशोधकांनी मानसशास्त्राच्या दोन नियतकालिकांतील लेख तपासले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, फार गमतीदार शीर्षकांच्या लेखांचे संदर्भ इतरांनी कमी वेळा दिले होते. अर्थात हा निष्कर्ष दोन नियतकालिकांपुरता आहे.

ललित लेखाला हा नियम लागू नाही. तिथे अंक वाचकाच्या हातात आधीच असतो. त्याने पान उलटू नये, एवढेच शीर्षकाने साधायचे असते. प्रबंधाचा वाचक मात्र अजून यायचा असतो. म्हणून विद्यार्थिनीने 'शेजारी पाहतो पाण्यात' टाकून दिले नाही. शेजाऱ्यांच्या भांडणांवरच्या चौथ्या प्रकरणाला तिने ते नाव दिले. तिथपर्यंत पोचलेल्या वाचकाला त्यातली कोटी सहज कळते.