दोन खाती, एकही वजाबाकी नाही

व्हिडिओ गेममध्ये खेळाडू सोडून जी माणसं दिसतात, म्हणजे दुकानदार, शिपाई, वाटसरू, त्यांना एनपीसी म्हणतात. त्यांना चालवतो तो संगणक. खेळाडू कसा वागला हे त्यांनी लक्षात ठेवावं आणि त्याप्रमाणे त्याच्याशी वागावं, यासाठी गेम बनवणाऱ्यांनी अनेक युक्त्या केल्या. त्यांतली सर्वांत विचारपूर्वक रचलेली युक्ती मला २०१० मधल्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ या गेममध्ये दिसते.

आधी त्याच मालिकेतला २००८ चा ‘फॉलआउट ३’ पाहू. तिथे सगळी मदार कर्मावर होती. खेळाडूच्या नावावर एकच आकडा असे. चांगलं केलं की वर, वाईट केलं की खाली. रिकाम्या खोलीत, कुणाचीही नजर नसताना चोरी केली तरी कर्म घटायचं. कर्म फार खाली गेलं की रेग्युलेटर नावाचे लोक शिकार करायला निघत आणि फार वर गेलं की टॅलन कंपनीचे भाडोत्री सैनिक. पण कुणाचं भलं केलं आणि कुणाचं वाटोळं केलं, हे त्या आकड्यात कुठेच उरत नसे. एका गावाला लुटून दुसऱ्या गावात दानधर्म केला की हिशेब बरोबर.

न्यू व्हेगासमध्ये कर्म आहे, पण त्याला फारसं वजन नाही. खरा भर आहे लौकिकावर आणि तो प्रत्येक गटाकडे वेगळा. कॅलिफोर्नियाहून आलेलं एनसीआर हे प्रजासत्ताक, रोमन थाटात वावरणारी सीझरची लीजन, तुरुंगातून सुटलेले पावडर गँगर, शिवाय छोटी गावं. जो तो आपापल्या अनुभवावरून मत बनवतो. आणि प्रत्येकाकडे आकडे दोन: नावलौकिक आणि बदनामी. जमा-नावेच्या वहीसारखे हे दोन रकाने शेजारी असतात, पण एकातून दुसरा कधीच वजा होत नाही.

सुरुवातीचंच उदाहरण घेऊ. गुडस्प्रिंग्स गावात रिंगो नावाचा व्यापारी लपून बसलाय आणि जो कॉब त्याच्या जिवावर उठलाय. कॉब पावडर गँगर. खेळाडूने गावकऱ्यांना उभं करून कॉबची टोळी परतवली, तर गुडस्प्रिंग्सकडे नावलौकिक वाढतो आणि पावडर गँगरकडे बदनामी. नुसत्या मारामारीचा निकाल एवढ्यावर संपत नाही. ही बदनामी पुरेशी वाढली की त्यांच्या ताब्यातल्या तुरुंगात पाऊल टाकलं तरी गोळ्या सुटतात. तिथल्या एडी या म्होरक्याकडून मिळणारी कामं हातची जातात. कॉबच्या बाजूने गेलात, तर उलटं घडतं.

दोन रकाने ठेवल्याने वागणुकीला बारकावे येतात. नावलौकिक भरपूर आणि बदनामी शून्य असेल, तर खेळाडू त्या गटाचा लाडका. बदनामी भरपूर आणि नावलौकिक शून्य, तर वैरी. दोन्ही भरपूर असले की गट त्याला ‘वाइल्ड चाइल्ड’ ठरवतो: उपकारही याचेच, अपकारही याचेच, उद्या काय करील सांगता येत नाही. एका आकड्याच्या हिशेबात हाच माणूस शून्यावर, म्हणजे अनोळखी ठरला असता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ज्याने आपलं भलंही केलं आणि बुरंही, त्याला कुणी अनोळखी मानत नाही.

आपली गणती कशात होते हे पिप-बॉय या मनगटी यंत्रावर कळतंच, पण रस्त्यावरही कळतं. एनसीआरची मर्जी बसली की त्यांच्या सुरक्षित घराची किल्ली मिळते. लीजनची बदनामी टोकाला गेली, तर मारेकऱ्यांची टोळी गाठते. गटाचा गणवेश घालून लपता येतं. साधे शिपाई फसतात, पण काही अधिकारी आणि पहाऱ्यावरची कुत्री फसत नाहीत. शिवाय त्याच वेशात शत्रुगटासमोर गेलात, तर तो तुम्हाला शत्रूच समजतो.

यात एक उणीव मला खटकते. बातमी पोहोचायला वेळच लागत नाही. एका चौकीवर केलेला हल्ला नकाशाच्या दुसऱ्या टोकाच्या शिपायाला त्याच क्षणी ठाऊक असतो. निरोप घेऊन जाणारा माणूस, त्याला वाटेत अडवायची संधी, यांतलं काहीच नाही.

वजाबाकी नसल्यामुळे आणखी एक अडचण होती. नवख्या खेळाडूने सुरुवातीलाच लीजनचे सैनिक मारले, तर ती बदनामी कायमची आणि कथेचा तो अख्खा फाटा बंद. म्हणून गेमकर्त्यांनी मध्यावर एक दार ठेवलं. बेनीचा माग काढत खेळाडू टॉप्स कॅसिनोपर्यंत पोहोचतो. तो प्रसंग उरकून तो बाहेर पडला की लीजनचा वल्पिस इन्कल्टा समोर येतो, सीझरची मुद्रा हाती देतो आणि मागची बदनामी पुसतो. एनसीआरकडूनही असंच बोलावणं येतं. त्यानंतर पुन्हा वैर घेतलं, तर दुसरी माफी नाही.