रिग्रेशनमध्ये कोणता कॉलम टाकायचा आणि कोणता नाही?

उल्हासनगर कॅम्प १ मधून शहाड स्टेशनकडे जाताना सेंच्युरी रेयॉनचा कारखाना लागतो. तिथे व्हिस्कोस धागा बनतो. व्हिस्कोस बनवायला कार्बन डायसल्फाइड लागतो, आणि त्याच्या वायूरूपाचा हृदयावर परिणाम होतो का, हा जगभरातला जुना प्रश्न आहे. १९६८ साली ब्रिटनमध्ये टिलर, शिलिंग आणि मॉरिस यांनी रेयॉन कामगारांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. त्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं.

समजा अशाच एखाद्या कारखान्याची एक्सेल फाइल तुमच्याकडे आली. कॉलम आहेत: वायूशी संपर्क, वय, ब्लड प्रेशर, अजून नोकरीत आहे का, आणि हृदयविकार. सगळे कॉलम टाकून मोकळं व्हायचं? नाही.

वय टाकायलाच हवं. जुन्या कामगाराचा संपर्कही जास्त आणि वयामुळे हृदयविकारही जास्त. दोन्हींच्या मागे उभं असलेलं असं कारण म्हणजे कन्फाउंडर. ते सोडलं, तर वयाचा दोष वायूच्या माथी जातो.

ब्लड प्रेशरचं उलट. वायूमुळे प्रेशर वाढतं आणि त्यातून हृदयावर ताण येतो, असा रस्ता असेल तर प्रेशर हा मीडिएटर झाला. तो मॉडेलमध्ये टाकलात की 'प्रेशर सारखंच असेल तर वायूने काय फरक पडतो?' असा वेगळाच प्रश्न विचारला जातो, आणि एकूण परिणामाचा मोठा भाग गायब होतो. पण प्रेशर नोकरीला लागतानाच मोजलेलं असेल, तर ते वायूचा परिणाम असूच शकत नाही. मग ते टाकायला हरकत नाही. म्हणून मी कॉलमच्या नावाआधी मोजणीची तारीख बघतो.

```
glm(heart_disease ~ cs2_exposure + age, family = binomial)
```

सगळ्यात फसवा कॉलम 'अजून नोकरीत'. हा कोलायडर: वायूच्या त्रासानेही माणूस काम सोडतो, हृदयविकारानेही. दोन्ही बाण इथे येऊन आदळतात.

आकडे काल्पनिक धरू. संपर्कातले १०० कामगार, आजारी २०. बिनसंपर्काचे १००, आजारी १०. म्हणजे फरक दुप्पट. आता पहिल्या गटातले १५ आजारी आणि २० धडधाकट काम सोडून गेले. उरले ६५, त्यात आजारी ५, म्हणजे सुमारे ८ टक्के. दुसऱ्या गटातून ४ आजारी आणि ५ धडधाकट गेले. उरले ९१, आजारी ६, म्हणजे सुमारे ७ टक्के. दुपटीचा फरक जवळजवळ पुसला गेला!

आणि यासाठी तो कॉलम मॉडेलमध्ये टाकावाही लागत नाही. गेटवर उभं राहून फक्त आजच्या कामगारांची तपासणी केली, तरी तोच फिल्टर लागलेला असतो. हे कुठल्याही रिग्रेशनने नंतर सहज दुरुस्त होत नाही, कारण गेलेली माणसं फाइलमध्येच नसतात. त्यामुळे यादी भरतीच्या रजिस्टरवरून करायची आणि सोडून गेलेल्यांनाही शोधायचं.