बिनबुडाचा साक्षीदार

एस्प्रेसोच्या यंत्रात दांडीचा जो कप अडकवतात, तो पोर्टाफिल्टर. त्यात जाळीदार बास्केट बसते, बास्केटमध्ये दाबलेली कॉफीपूड, आणि नेहमीच्या पोर्टाफिल्टरला खाली एकदोन तोट्या. आत कितीही गोंधळ झाला तरी तोटीतून शहाण्यासारखी एकच धार येते आणि वरचा फेस उरलेलं झाकतो. बिनबुडाच्या पोर्टाफिल्टरचा हा तळच काढून टाकलेला असतो. बास्केट खालून उघडी दिसते. कॉफी सुधारण्याचं काम तो करत नाही, चुगली मात्र चोख करतो.

चुगली कसली, ते कळायला शेतातला वाफा आठवा. बांधाला उंदराचं बीळ असलं की पाणी तिकडूनच पळतं आणि वाफा कोरडा राहतो. इथे साधारण 9 बार दाबाचं गरम पाणी पुडीच्या वडीतून जाऊ पाहतं. वडीत कुठे पोकळ जागा किंवा भेग असेल तर पाणी तीच वाट धरतं. त्या वाटेवरच्या पुडीतून कडू अंशासकट सगळं ओरबाडलं जातं आणि बाकीची पूड अर्धवट भिजून आंबट राहते. म्हणून बिघडलेला शॉट एकाच घोटात आंबटही लागतो आणि कडूही.

शॉट नीट चालला असेल तर पंप सुरू झाल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही. मग जाळीभर गडद तपकिरी थेंब जवळजवळ एकदम उगवतात, एकमेकांना मिळतात आणि मधोमध ओढले जाऊन पाकाच्या तारेसारखी एक धार होते. रंग हळूहळू तांबूस, शेवटी फिकट होतो. फिकट होण्यात वावगं काही नाही, फक्त ते सगळ्या तळावर मिळून व्हायला हवं. बाकी तळ गडद असताना एकाच जागी पिवळट डाग उठला, तर तिथली पूड आधीच धुऊन निघाली आहे. अन् सुईसारखी बारीक चिळकांडी आडवी उडाली, तर तिथे पाण्याला मोकळी वाटच मिळाली आहे.

माझ्या ओट्यावरचाच एक प्रसंग सांगतो. 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम कॉफी, वेळ पंचवीस ते तीस सेकंद, असा बेत होता. पहिले थेंब डाव्या कडेला आले, मधला भाग कोरडाच. नवव्या सेकंदाला त्याच कडेला पिवळा डाग पडला आणि पाठोपाठ चिळकांडी थेट चष्म्यावर. 36 ग्रॅम अठरा सेकंदांत भरले. नुसतं घड्याळ पाहिलं असतं तर कुणीही म्हणेल, शॉट पळाला, दळण बारीक करा. मीही तेच केलं. पुढचा शॉट वीस सेकंदांचा, पण चिळकांड्या दोन. पूड बारीक झाली की वडी पाण्याला जास्त अडवते, मग पाणी कमकुवत जागेवर आणखी जोराने तुटून पडतं. बीळ असताना सेकंदांचा आकडा दळणाबद्दल काहीच सांगत नाही. तो बिळाचा आकडा असतो.

दळण पूर्ववत केलं. पूड बास्केटमध्ये पडल्यावर बारीक सुयांनी तळापासून वरपर्यंत ढवळून गुठळ्या मोडल्या. घरी कॉफी करणाऱ्या जॉन वाइस यांनी 2005 मध्ये सुचवलेली ही रीत आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मग पूड सपाट करून टॅम्पर तिरका न धरता दाबला. सत्तावीस सेकंद लागले, चष्मा कोरडा.

डागाची जागाही बोलते. तो दर वेळी वेगळीकडे पडत असेल तर संशय गुठळ्यांवर घ्यावा. एकाच कडेला पडत असेल तर टॅम्पर तिरका पडतोय, ग्राइंडर पुडीचा ढीग एका बाजूला टाकतोय, किंवा यंत्राच्या पाणी सोडणाऱ्या जाळीची भोकं तुंबलीत. बास्केट पोर्टाफिल्टरमध्ये अर्धा फेरा फिरवून पुढचा शॉट घ्यावा. डाग बास्केटबरोबर फिरला तर दोष बास्केटच्या भोकांत.

पण साक्षीदाराच्या प्रत्येक शब्दावर शिक्षा ठोठावू नये. दोनतीन दिवसांपूर्वी भाजलेल्या बियांत वायू भरपूर असतो, त्यामुळेही थोडे फवारे उडतात. सुरुवातीला उडून लगेच थांबलेली चिळकांडी कपात जाणवतही नाही. उलट तळ देखणा असूनही कॉफी बेचव निघते, कारण वडीच्या पोटात वरच्या थरात काय झालं ते खालून दिसत नाही. अशा वेळी जिभेचं ऐकावं.

माझ्याकडे डाव्या कडेचा थेंब अजूनही सेकंदभर आधी येतो. चवीत तो सापडत नाही, म्हणून त्याच्या मागे लागणं मी सोडून दिलंय.