उंबरठ्यावरचा मुलगा

झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात म्विनिलुंगा नावाचा भाग आहे. तिथल्या न्देम्बू लोकांमध्ये मुलांच्या सुंतेचा मोठा सोहळा होतो, त्याला 'मुकांडा' म्हणतात. व्हिक्टर टर्नर हा ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पत्नी ईडिथबरोबर या लोकांत राहत होता. त्याने टिपून ठेवलेला एक प्रसंग असा : सुंतेच्या दिवशी सकाळी प्रत्येक आई आपल्या मुलाला कसावाचं जेवण स्वतःच्या हाताने भरवते. मुलं काही तान्ही नसतात, दिवसभर रानात हुंदडणारी असतात. तरी त्या सकाळी त्यांना बाळासारखं भरवलं जातं. मग पुरुष त्यांना रानात घेऊन जातात. जिथे सुंता होते त्या जागेचं न्देम्बू भाषेतलं नाव 'मरण्याची जागा' अशा अर्थाचं आहे.

हे वाचताना मराठी घरातल्या अनेकांना मुंजीतलं मातृभोजन आठवेल. तिथेही बटू आईच्या मांडीशी बसून तिच्याच ताटात शेवटचं जेवतो. शेजारी आधी मुंज झालेले मुलगे पंगतीला असतात, अवतीभवतीच्या बायका डोळे पुसतात, आणि ताट उचललं की मुलाला न्हाव्यापुढे नेतात. या दोन समाजांचा एकमेकांशी काही संबंध आला असेल असं मानायला जागा नाही. मग दोन्हीकडे मुलाला मोठं करायचं तर आधी त्याला पुन्हा लहान का करतात?

या प्रश्नाला हात घालणारी मांडणी आर्नोल्ड व्हॅन गेनेप याने १९०९ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली. गडी मोठा अभ्यासू, पण फ्रान्समधल्या विद्यापीठांनी त्याला कधी जवळ केलं नाही. त्याच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद व्हायला १९६० साल उजाडलं. तोवर तो वारला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणूस एका सामाजिक अवस्थेतून दुसरीत जातो तेव्हा होणाऱ्या विधींना तीन टप्पे असतात. आधी त्याला जुन्या अवस्थेतून तोडतात, हे विलगीकरण. मग तो काही काळ ना इकडचा ना तिकडचा असतो, हे संक्रमण. शेवटी नव्या अवस्थेत त्याला सामावून घेतात, हे समावेशन. मधल्या टप्प्यासाठी त्याने लॅटिनमधला उंबरठ्याचा शब्द उचलला. आपल्याला त्यासाठी लॅटिनकडे जायची गरज नाही. उंबरठ्यावर बसून शिंकू नये, उंबरठ्यावरून काही देऊ-घेऊ नये, हे घरोघरी ऐकलेलं असतं. ती जागा घरही नसते आणि अंगणही नसते, आणि तिचं वेगळेपण तिथूनच येतं.

तीन टप्पे सगळ्याच विधींत सारख्या वजनाचे नसतात, हेही गेनेपनेच सांगून ठेवलं आहे. अंत्यविधीत तोडण्यावर भर असतो, लग्नात जोडण्यावर. दीक्षाविधीत, म्हणजे मूल मोठ्यांत किंवा बाहेरचा माणूस एखाद्या पंथात घेण्याच्या विधीत, मधला टप्पा फुगतो. आणखी एक गोष्ट त्याने ठासून सांगितली : शरीर वयात येणं आणि समाजाने वयात आणणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आठव्या वर्षी होणारी मुंज हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

टर्नरने हा मधला टप्पा पकडला आणि त्यावरच आपलं बरंचसं काम उभं केलं. गंमत म्हणजे मुकांडाचे तीन भाग त्याला पाडावे लागले नाहीत. न्देम्बू लोकांकडे त्यांना आधीच नावं होती : आत घालणं, रानातल्या झोपडीतला मुक्काम, आणि बाहेर काढणं. सुंता 'मुड्यी' झाडाखाली होते. या झाडाची साल खरवडली की दुधासारखा चीक येतो, आणि न्देम्बूंच्या मते ते आईचं झाड आहे. तिथून मुलाला उचलून लाल चिकाच्या 'मुकुला' झाडाच्या ओंडक्यावर बसवतात. हा चीक लवकर गोठतो, तसं मुलाचं रक्त थांबावं आणि जखम भरावी, असा त्यामागचा भाव. आईच्या झाडापासून पुरुषांच्या ओंडक्यापर्यंतचं अंतर काही पावलांचं असतं.

त्यानंतर मुलं गावाबाहेरच्या झोपडीत राहतात. बायकांनी त्यांना पाहायचं नसतं. सरदाराचा पोर आणि साध्या माणसाचा पोर यांत तिथे फरक नसतो. शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे सगळे सारखेच गप्प. या अवस्थेतल्या मुलाला जो शब्द वापरतात, तोच गादीवर बसण्याआधीच्या विधींतून जाणाऱ्या सरदारालाही लागतो. अखेरीला झोपडी जाळून टाकतात आणि मुलं गावात परत येतात.

हाच आराखडा घेऊन मुंजीकडे पाहिलं तर काय दिसतं? पहिला टप्पा लख्ख दिसतो. आईचं ताट सुटतं, केस जातात, आंघोळ होते, अंगावरचे कपडे जाऊन लंगोटी येते. मधला टप्पा सुरू झाल्याच्या खुणाही स्पष्ट आहेत : कमरेला मुंज गवताची मेखला, हातात पळसाचा दंड, मृगाजिनाचा तुकडा, गळ्यात जानवं. यातलं काहीही गृहस्थाचं नाही आणि लहान मुलाचंही नाही. भिक्षावळीत सर्वांत बोलकी खूण सापडते. बटू पहिली भिक्षा आईकडेच मागतो, पण तिला 'आई' म्हणत नाही; 'भवति' म्हणतो. हे संबोधन कुठल्याही घरच्या बाईला चालेल असं आहे. सकाळी जिच्या ताटात जेवला, तिच्याच दारात तासाभराने तो परका याचक म्हणून उभा असतो. नातं बदललं ते त्या एका शब्दाने.

या मधल्या काळाची जुनी कल्पना अथर्ववेदात आहे. आचार्य ब्रह्मचाऱ्याला जवळ घेतो आणि तीन रात्री आपल्या पोटात गर्भासारखा सांभाळतो. तो जन्माला येतो तेव्हा देव त्याला पाहायला जमतात. 'द्विज' हा शब्द याच कल्पनेजवळचा. न्देम्बूंकडे मरणाची जागा, इथे पुरुषाचं पोट. उंबरठ्यावरच्या माणसाला मेलेला किंवा अजून न जन्मलेला समजतात, हे टर्नरचं निरीक्षण दोन्हीकडे लागू पडतं.

मुंजीतला संक्रमणकाळ मात्र एका दिवसाचा नव्हता. मुलगा गुरूकडे राहणार, भिक्षा मागून खाणार, वर्षानुवर्षं शिकणार आणि मग समावर्तन होणार, म्हणजे घरी परतणार, असा शास्त्राचा हिशेब होता. समावर्तनात मेखला सोडतात, स्नान घालतात, नवे कपडे, जोडे, छत्री देतात. स्नान झालेला तो 'स्नातक'. पदवीदान समारंभात काळा झगा घालून उभ्या राहणाऱ्यांना हा शब्द कुठून आला ते क्वचितच ठाऊक असतं. मराठीत समावर्तनाला सोडमुंज म्हणतात. तीत मुलगा काशीला निघतो, मामा त्याला अडवतो आणि मुलगी देण्याचं आमिष दाखवून परत आणतो. सन्यासाकडे निघालेल्याला संसाराकडे वळवायचं, हे समावेशनाचं सगळं काम त्या लटक्या अडवाअडवीत उरकतं.

मुंज झाली आणि सोडमुंज झाली नाही, अशा मुलाचं काय होतं? लोकसमजुतीनं त्याचं उत्तर तयार ठेवलं आहे. असा मुलगा मेला तर 'मुंजा' होतो आणि पिंपळावर राहतो. मराठी मुलखातल्या भुतांत मुंज्याचं स्थान वेगळं आहे ते यामुळेच. तो पहिल्या दारातून बाहेर पडला, पण दुसऱ्या दारातून आत गेला नाही. मधला टप्पा धोक्याचा असतो हे गेनेपच्या पुस्तकाआधीच कुणीतरी ताडलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आता अडचण. आज कार्यालयात होणाऱ्या बहुतेक मुंजींत सोडमुंज त्याच दिवशी उरकतात. सकाळी मुलगा आईपासून तुटतो, दुपारी कोट-टोपी घालून काशीला निघतो, आणि संध्याकाळी आईच्याच हातचं खातो. तीन टप्पे क्रमाने पार पडले, पण संक्रमण झालं का? अभ्यासकाची इथे फसगत होऊ शकते. कुठल्याही समारंभाला सुरुवात, मध्य आणि शेवट असतोच. सुरुवातीला विलगीकरण आणि शेवटाला समावेशन अशी चिठ्ठी लावली की आराखडा कशालाही बसतो, आणि कशालाही बसणारा आराखडा काहीच सांगत नाही. तपासायचं ते वेगळं : हा माणूस काल कुणाच्या पंगतीला बसत होता आणि उद्या कुणाच्या बसणार? त्याला कोण कसं हाक मारणार? कुठली कामं आता त्याच्यावर आली?

व्हिन्सेंट क्रापानझानो याने मोरोक्कोतल्या सुंतेबद्दल १९८०मध्ये नेमकी हीच शंका काढली. तिथे मुलाला थाटात पुरुषांकडे नेतात, सुंता होते, आणि तो पुन्हा बायकांच्या घोळक्यात, आईच्या पाठीवर परततो. पुरुष म्हणून त्याला नवं काही मिळत नाही. हा जाण्याचा नव्हे, परतण्याचा विधी आहे, असं त्याने म्हटलं. कार्यालयातल्या मुंजीला हे वर्णन बऱ्यापैकी लागू होतं.

मुलींकडे वळलं की आराखडा आणखी ताणला जातो. न्देम्बू मुलीची दीक्षा एकटीची होते. तिला घोंगडीत गुंडाळून मुड्यीच्या रोपट्याखाली दिवसभर हालचाल न करता पडून राहावं लागतं. ब्रूस लिंकन याने १९८१मध्ये मुलींच्या अनेक विधींची तुलना करून सुचवलं, की मुलींना बहुधा दूर नेतच नाहीत; त्यांना कोंडतात, सजवतात, बदलतात आणि बाहेर आणतात. तोडण्याऐवजी लपेटणं आणि वाटचालीऐवजी कोशातला बदल.

शेवटचा आक्षेप पिएर बूर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा, आणि मुंजीच्या संदर्भात तो सगळ्यांत झोंबणारा. तो म्हणतो, आपण विधीच्या आधीचा मुलगा आणि नंतरचा मुलगा यांतल्या रेषेकडे पाहत बसतो. खरी रेष दुसरीकडे ओढली जाते : ज्यांचा हा विधी आज ना उद्या होईल ते, आणि ज्यांचा कधीच होणार नाही ते. गृह्यसूत्रांनी ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य मुलांसाठी उपनयनाची वेगवेगळी वयं सांगितली. शूद्रांसाठी वय सांगायचा प्रश्नच ठेवला नाही. मधला टप्पा एका दुपारीत आटपला, मुलगा दुसऱ्या दिवशी टकलावर टोपी घालून त्याच शाळेत, त्याच बाकावर जाऊन बसला, तरी ही दुसरी रेष आपलं काम करून गेलेली असते. मातृभोजनाच्या वेळी त्याची मोठी बहीण ताटाजवळ उभी राहून फोटो काढत असते. ती त्या ताटावर कधी बसलेली नसते, म्हणून तिला त्यावरून कुणी उठवतही नाही.