फाइल फोनमध्ये, किल्ली उसनी

गणपतीला कोकणात निघायच्या आदल्या रात्री अनेक जण फोनवर चित्रपट उतरवून ठेवतात, कारण रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आला की नेटवर्कचा भरवसा नसतो. तरीही परतीच्या गाडीत कुणाच्या तरी फोनवर मुदत संपल्याची सूचना झळकतेच. चित्रपट पूर्ण उतरला होता, जागाही अडवून बसला आहे, पण चालत नाही. असं का होतं?

डाउनलोडचं बटण दाबल्यावर फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे चित्रपट. कंपनीच्या सर्व्हरवर एकच चित्रपट वेगवेगळ्या दर्जांत ठेवलेला असतो आणि प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. ऑनलाइन पाहताना नेटचा वेग बघून अॅप कधी चांगल्या दर्जाचा तुकडा मागवतं, कधी हलक्या. डाउनलोड करताना दर्जा आधीच ठरतो आणि सगळे तुकडे ओळीने साठवले जातात. जागेचा हिशोब सोपा आहे: सेकंदाला दीड मेगाबिट या दराने ४५ मिनिटांचा भाग साधारण ५०० एमबी होतो. हे तुकडे सर्व्हरवरच कूटबद्ध केलेले असतात. ते अॅपच्या खासगी जागेत राहतात, म्हणून गॅलरीत दिसत नाहीत. शोधून काढून दुसऱ्या फोनवर पाठवले तरी तिथे ते उघडत नाहीत.

दुसरी गोष्ट आकाराने अगदी लहान, पण सगळा खेळ तिच्यावर चालतो. ती म्हणजे परवाना. अँड्रॉइडवर हे काम गूगलची वाइडवाइन ही प्रणाली करते, अॅपलच्या फोनवर फेअरप्ले. परवान्यात कूट उलगडणारी किल्ली असते आणि तिच्या अटी असतात: कधीपर्यंत चालेल, पहिल्यांदा पाहायला घेतल्यापासून किती तास चालेल. ही किल्ली त्याच फोनला बांधलेली असते. पुढे प्रत्येक वेळी प्ले दाबलं की फोन नेटशिवाय स्वतःच अटी तपासतो. मुदत संपली असेल तर किल्ली फिरत नाही, मग फाइल जागच्या जागी असली तरी उपयोग नाही.

नेटफ्लिक्सवरच्या काही चित्रपटांची मुदत पहिल्यांदा प्ले केल्यापासून ४८ तासांची असते. समजा, गुरुवारी रात्री दहाला डाउनलोड झाला आणि ‘नीट उतरलाय ना’ म्हणून दोन मिनिटं लावून पाहिला. घड्याळ तेव्हाच सुरू झालं. शनिवारी रात्री दहानंतर तो गावच्या घरी उघडणार नाही आणि मुदत वाढवायची तर इंटरनेट लागणार. म्हणून खात्री करायची असेल तर प्ले दाबू नये, डाउनलोडची यादी पाहावी. सात दिवसांहून कमी वेळ उरला असेल तर तो तिथे दिसतो. मात्र त्या चित्रपटाचा कंपनीशी असलेला करारच संपला असेल, तर मुदत वाढवूनही मिळत नाही.

यूट्यूबची रीत थोडी वेगळी. प्रीमियम सदस्यांना निदान ३० दिवसांतून एकदा फोन इंटरनेटला जोडावा लागतो. तो जोडला की अॅप व्हिडिओची सद्यस्थिती तपासतं. बनवणाऱ्याने व्हिडिओ काढून टाकला असेल तर तुमच्याकडची प्रतही पाहता येत नाही. मला ही अट जाचक वाटत नाही. आपलं काम मागे घेण्याचा हक्क ते करणाऱ्याकडे राहायला हवा.

‘लिंक टाका, व्हिडिओ घ्या’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांचं काय? यूट्यूबच्या अटींनुसार, सेवेनेच दिलेल्या सोयीखेरीज डाउनलोड करायचं तर यूट्यूबची आणि लागू असेल तिथे हक्कधारकाची आधी परवानगी हवी. हा झाला करार. कायदा त्याहून निराळा. भारतीय कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम खासगी वापराला काही सवलत देतं. पण २०१२च्या दुरुस्तीने आलेलं ६५अ कलम हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. उतरवलेला चित्रपट गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं खासगी वापरात बसवता येणं कठीण आहे.

स्वतःच्या व्हिडिओला अर्थातच मोकळीक आहे. आपण चढवलेला व्हिडिओ यूट्यूब स्टुडिओतून साध्या एमपी-४ फाइलच्या रूपात परत घेता येतो. त्याला मुदत नसते. पण तो मूळ दर्जाचा असेलच असं नाही. म्हणून गावच्या नमनाचं किंवा दशावताराचं चित्रीकरण चॅनेलवर चढवलं, तरी कॅमेऱ्यातली मूळ फाइल पुसू नये. आणि दुसऱ्याने केलेलं चित्रीकरण कायमचं हवं असेल, तर त्यालाच विचारून ती मूळ फाइल मागून घ्यावी.