गालावरचं ठिगळ: रिटचिंगनंतर ग्रेन कसा जुळवायचा

हा भाग रेकॉर्ड करतानाच ठरवलं होतं की हा लिहूनही टाकायचा. सेटिंगचे आकडे ऐकून कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून हे ट्रान्सक्रिप्ट, थोडं साफसूफ करून.

तर झालं असं. आमच्याकडे आजोबांचा एकच धड फोटो. स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट, ४ बाय ६ इंच. कपाळापासून गालावरून खाली थेट घडी पडलेली. वर्षश्राद्धाला मोठी फ्रेम करायची म्हणून मी तो स्कॅन केला, फोनवर हीलिंग टूलने घडी पुसली आणि १२ बाय १८ ची प्रिंट काढून आणली. फोनवर एक नंबर दिसत होता. आत्या आली, फ्रेमजवळ गेली आणि म्हणाली, "अरे, नानांच्या गालाला काय लावलंयस? मेण चोळल्यासारखं दिसतंय."

बरोबर होतं तिचं. घडी गेली होती, पण तिच्या जागी एक गुळगुळीत पट्टा आला होता. रंग जुळलेला, उजेड जुळलेला, फक्त दाणा गायब. हा दाणा म्हणजेच ग्रेन.

आता तो जातो कुठे? जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोतली छटा सलग नसते. ती चांदीच्या बारीक कणांच्या पुंजक्यांनी बनलेली असते. स्कॅन मोठा केला की गालावर जी रवाळ कुजबुज दिसते ती ही. तुम्ही ब्रशने रंग भरलात तर त्यात दाणा शून्य. ब्लर केलात तर दाणा पुसला. आणि क्लोन किंवा हीलिंग मऊ कडेच्या ब्रशने केलंत तर गंमत बघा: कडेपाशी मूळ दाणा आणि उचलून आणलेला दाणा अर्धे-अर्धे मिसळतात. दोन्ही एकमेकांशी न जुळणारे, त्यामुळे काही ठिकाणी ते एकमेकांना खोडतात आणि एकूण जोर साधारण ७० टक्क्यांवर येतो. त्याच जागी तीन-चारदा ब्रश फिरवला की अजून कमी. म्हणून ठिगळाभोवती ती धुरकट कडा दिसते. क्लोन करताना ब्रश थोडा कडक ठेवा आणि एकाच फटक्यात काम उरका, अर्धी अडचण तिथेच संपते.

मग फोनवर का नाही दिसलं? माझा स्कॅन ६०० पीपीआयचा, म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल. फोनच्या स्क्रीनवर अख्खा फोटो बसवला की तो कितीतरी लहान होऊन दिसतो आणि त्यात सगळाच दाणा मिसळून जातो, खरा काय नि खोटा काय. तोच फोटो १२ बाय १८ वर छापला की एका इंचात २०० पिक्सेल येतात. तीन पिक्सेलचा दाणा कागदावर जवळपास ०.४ मिलिमीटरचा होतो, आणि तो जवळून दिसतो. म्हणून तपासणी १०० टक्के झूमवर करायची, आणि फोनची स्क्रीन दाट असते म्हणून तिथे २०० ते ३०० टक्क्यांवर.

दुसऱ्यांदा मी हे लॅपटॉपवर Photopea मध्ये केलं. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. पाठीमागच्या पडद्यावरची घडी सरळ क्लोन केली, कारण तिथे शेजारी भरपूर मोकळी जागा होती आणि क्लोनसोबत दाणाही आपोआप येतो. गालावर तसं जमेना. गालावर उजेड कानाकडे उतरत जातो, उचलायला तशीच दुसरी जागा नाही. तिथे नव्या लेअरवर हलक्या ब्रशने छटा भरली. हा झाला गुळगुळीत ठिगळ-लेअर. पडद्याचं काम या लेअरवर घेऊ नका, कारण तिथे दाणा आधीच आहे. वरून अजून घातला तर दुप्पट होईल.

आता दाणा. ठिगळ-लेअरच्या वर एक नवीन लेअर घ्या, तो #808080 या मधल्या राखाडी रंगाने भरा आणि त्याचा मोड Overlay करा. राखाडी नाहीसा होईल, घाबरू नका, तसंच व्हायला हवं. मग Clipping Mask लावा, म्हणजे दाणा फक्त ठिगळावर पडेल, बाजूच्या खऱ्या गालावर नाही. मग Filter मधून Add Noise, त्यात Gaussian आणि Monochromatic. हे शेवटचं विसरलात तर ब्लॅक अँड व्हाइट फोटोत लाल-हिरवे ठिपके येतील.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. मग ठिगळावर वाळूच टाकल्यासारखी दिसते. कारण Add Noise चा दाणा एक पिक्सेलचा, टोकदार असतो. आणि आपला खरा दाणा दोन-तीन पिक्सेलचा, कडा विरलेला. म्हणून नॉइज लेअरवर Gaussian Blur द्यायचा. माझ्या फोटोला ०.८ पिक्सेल लागला. पण ब्लरने दाणा मोठा होतो तसा फिकाही होतो. ०.८ ला जोर साधारण एक तृतीयांश उरतो. म्हणजे आधी ८ टक्के नॉइज बरा वाटला असेल तर आता २४ च्या आसपास घ्यावा लागतो. आधी आकार जुळवा, मग जोर. उलट केलंत तर गोल-गोल फिरत बसाल, मी बसलो होतो तासभर.

Overlay का, तर तो काळ्याकुट्ट आणि पांढऱ्याफटक भागात दाणा आपोआप दाबतो. फोटोतही दाणा मधल्या छटांतच जास्त दिसतो.

जुळलं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. सगळ्यात वर तात्पुरता Levels लेअर लावा आणि काळी-पांढरी टोकं गालाच्या छटेच्या दोन्ही बाजूंनी जवळ आणा. फोटो भयंकर दिसेल, पण लपलेली ठिगळं उघडी पडतील: कुठे दाणा कमी, कुठे कडा धुरकट, कुठे क्लोन केलेला तोच डाग दोनदा. माझ्या पडद्यावर तीच एक ठिपक्यांची नक्षी तीन ठिकाणी निघाली. दुरुस्त करून तो लेअर काढून टाका.

आकार बदलायचा असेल तर दाणा घालण्याआधी बदला, शार्पनिंगही आधी. आणि स्कॅनच व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला असेल तर दाणा जुळवायची खटपट करू नका. त्यात कॉम्प्रेशनचे ८ बाय ८ चे चौकोन असतात, मूळ दाणा अर्धा मेलेला असतो. पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. प्रिंटला फाइल देतानाही तसंच.

एका ठिकाणी ही पद्धत चालत नाही. काही जुन्या रंगीत प्रिंट जाळीदार, मधाच्या पोळ्यासारख्या खडबडीत कागदावर असतात. स्कॅनरचा उजेड त्या उंचवट्यांवर पडून नियमित नक्षी येते. नॉइज असतो वेडावाकडा, नक्षी असते ओळीत, म्हणून तिथे तो लगेच चोरासारखा दिसतो. तिथे क्लोनच करायचा, आणि उचलायची जागा नक्षीच्या पूर्ण घरांइतकी सरकवायची, म्हणजे रेषेला रेषा लागते. अर्धं घर सरकलं की शिवण दिसलीच.

आजोबांची नवी प्रिंट भिंतीवर आहे. भुवईपाशी, घडी केसांवरून गेली होती तिथे, अजून किंचित मऊ दिसतं. आत्याला ते दिसलेलं नाही, आणि मी काही बोललो नाही.