बँकेतली जन्मतारीख दुरुस्त करताना

आधार कार्डावर 01/01/1966 आणि पॅन कार्डावर 01/06/1965, अशी एकाच व्यक्तीची दोन जन्मतारखा असलेली कागदपत्रे महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. 1 जून ही तारीख बहुधा शाळेतून आलेली असते. जूनमध्ये शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच लिहीत. 1 जानेवारीचा उगम वेगळा आहे. आधार नोंदणीच्या वेळी केवळ वय सांगितलेल्या अनेकांच्या नावावर ती लागली.

बँकेने खाते आधारवरून उघडले असेल, तर तिच्या दृष्टीने ही व्यक्ती 1 जानेवारी 2026 रोजी साठ वर्षांची होते. पॅनप्रमाणे ती 1 जून 2025 लाच झालेली असते. मधल्या सात महिन्यांत केलेल्या ठेवीवर ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर मिळत नाही.  आधार-पॅन जोडणीही याच फरकामुळे अडू शकते.

अर्ज लिहिण्याआधी चुकीचे कागदपत्र दुरुस्त करावे. बँक स्वतः कोणती तारीख खरी ते ठरवत नाही, पुढे आलेला पुरावा नोंदवते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे आधार प्राधिकरणच सांगते. तरी दोन कार्डे भांडत राहिली तर अर्ज बहुधा परत येतो. वरील उदाहरणात जन्मतारीख असलेले दहावीचे बोर्ड प्रमाणपत्र दाखवून आधारमधली तारीख आधी बदलून घ्यावी. ही संधी साधारणपणे एकदाच मिळते, म्हणून केंद्रावर पावतीतली तारीख वाचूनच सही करावी.

मग शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. मुख्य मजकूर एवढाच पुरतो :

‘विषय : जन्मतारीख दुरुस्तीबाबत. माझा ग्राहक क्रमांक … व बचत खाते क्रमांक … आहे. बँकेच्या नोंदीत माझी जन्मतारीख 01/01/1966 आहे. ती चुकीची असून योग्य तारीख 01/06/1965 आहे. दुरुस्त आधार, पॅन व दहावीचे प्रमाणपत्र यांच्या स्वतः साक्षांकित प्रती जोडल्या आहेत. कृपया नोंद दुरुस्त करून लेखी कळवावे.’

यात ग्राहक क्रमांक सर्वांत महत्त्वाचा, कारण जन्मतारीख खात्याला नव्हे, ग्राहकाला जोडलेली असते. तो दिला की त्याखालच्या बचत आणि मुदत ठेवींना एकच दुरुस्ती पुरते. एकाच बँकेत दोन ग्राहक क्रमांक झाले असतील, तर दोन्ही लिहावेत. नाहीतर एका ठेवीवर जुनीच तारीख राहते. सही बँकेतल्या नमुन्यासारखी हवी, आणि मूळ कागद पडताळणीसाठी सोबत न्यावेत.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच जपून ठेवावी. बँकेकडे लेखी तक्रार करूनही 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि तिथे ही पोच उपयोगी पडते.